विश्लेषण : रीलमधला फोन नंबर बटणांखाली का जातो?

समजा, एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सायबर फसवणुकीविषयी ३० सेकंदांची उभी चित्रफीत तयार केली. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करायचा, एवढाच तिचा निरोप. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक, म्हणून हा क्रमांक पाहणाऱ्याच्या नजरेत भरणे हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू. क्रमांक मोठ्या पिवळ्या अक्षरांत, टीव्हीवरील बातम्यांच्या पट्टीसारखा अगदी खाली ठेवला. वर उजव्या कोपऱ्यात महाविद्यालयाचे बोधचिन्ह. संगणकावर सारे झकास दिसले. इन्स्टाग्रामवर टाकल्यावर मात्र क्रमांकावर खात्याचे नाव, ‘फॉलो’चे बटण आणि पोस्टचे वर्णन येऊन बसले, तर बोधचिन्हाच्या अंगावर ॲपची चिन्हे आली.

दिवसभर रील पाहणाऱ्या प्रत्येकाने असा झाकलेला मजकूर कधी ना कधी पाहिलेला असतो. दुकानाचा पत्ता अर्धा दिसतो, आंब्याच्या पेटीचा भाव हृदयाच्या चिन्हामागे जातो, मुलाखतीतील वाक्याची शेवटची दोन अक्षरे गायब होतात. हे कशामुळे होते आणि मजकूर नेमका कुठे ठेवला म्हणजे टळते?

ॲप चित्रावर काय काय ठेवते?

आडवी चित्रफीत पाहताना बटणे बहुतेक वेळा चित्राच्या बाहेर असतात किंवा काही क्षणांत नाहीशी होतात. उभ्या चित्रफितीत चित्रच सगळा पडदा व्यापते, त्यामुळे बटणांना चित्रावर बसण्यावाचून जागा उरत नाही आणि ती तिथून हलतही नाहीत. इन्स्टाग्राम रील्समध्ये उजव्या कडेला पसंती, प्रतिक्रिया, रीपोस्ट, शेअर आणि तीन ठिपके अशी उभी रांग असते. ती चित्राच्या मध्याच्या थोडी खालून सुरू होते आणि तळापर्यंत जाते. तळाशी डावीकडे खात्याचे नाव, वर्णनाची ओळ आणि गाण्याचे नाव असते. माथ्यावरही ॲपची काही चिन्हे असतात. यूट्यूब शॉर्ट्सची मांडणी थोडी वेगळी असली तरी तत्त्व तेच. उजवीकडे बटणांची रांग, खाली वाहिनीचे नाव, ‘सबस्क्राइब’ आणि शीर्षक, अगदी तळाशी चित्रफीत किती पुढे गेली हे दाखवणारी बारीक रेघ.

ही बटणे चित्रफितीच्या फाइलमध्ये नसतात. पाहणाऱ्याच्या फोनवरचे ॲप ती त्या क्षणी वरून मांडते. म्हणूनच फोनच्या गॅलरीत चित्रफीत तपासून काही कळत नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये तर आणखी फसगत होते, कारण तिथे रील्स आणि शॉर्ट्सची बटणे चित्राच्या बाजूला मांडलेली असतात. संगणकावर पाहून ‘ठीक आहे’ म्हणणारा आणि फोनवर पाहणारा यांना दोन वेगळी चित्रे दिसत असतात.

बटणे कधीच येणार नाहीत असा चित्राचा जो भाग उरतो, त्याला ‘सेफ झोन’ म्हणजेच सुरक्षित क्षेत्र म्हणतात. कल्पना टीव्हीच्या काळातली आहे. जुन्या काचेच्या नळीच्या संचांत चित्राच्या कडा चौकटीमागे दडत, म्हणून अक्षरे मधल्या ८० टक्के भागातच ठेवण्याची रीत होती. तेव्हा चारही कडांना सारखीच जागा सोडली की काम भागे. फोनवर तसे भागत नाही.

मग सुरक्षित जागा उरते किती?

उभ्या चित्रफितीचा प्रचलित आकार १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असा आहे. रील्समधील जाहिरातींसाठी मेटा कंपनीची शिफारस अशी, की वरचा सुमारे १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा प्रत्येकी ६ टक्के भाग मजकूर व बोधचिन्हांपासून मोकळा ठेवावा. पिक्सेलमध्ये मोजले तर वर २६९, खाली ६७२ आणि बाजूंना ६५. वजाबाकी केल्यावर हाती येते ९५० बाय ९७९ ची जागा. ती जवळजवळ चौरस आहे आणि पूर्ण चित्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. चित्र उभे असले तरी अक्षरांना मिळणारी जागा उभी नाही, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की मांडणीचे बरेचसे घोटाळे आपोआप टळतात.

खालचा ३५ टक्के भाग सोडणे अनेकांना जाचक वाटते आणि साध्या रीलपुरते ते थोडे जास्त आहेही. जाहिरातीत वर्णनाखेरीज ‘अधिक जाणून घ्या’सारखे रुंद बटणही येते, त्यासाठी ही जास्तीची जागा मागितलेली आहे. पण आज साधी म्हणून टाकलेली चित्रफीत उद्या पैसे भरून ‘बूस्ट’ केली की तीच जाहिरात होते, आणि तेव्हा अक्षरे हलवता येत नाहीत, कारण ती चित्रात कायमची उमटलेली असतात. त्यामुळे सुरुवातीपासून जाहिरातीचे माप धरणे व्यवहाराचे ठरते.

बाजूचे ६५ पिक्सेल मात्र अपुरे आहेत. उजव्या रांगेतील बटणे त्याहून बरीच रुंद जागा घेतात. रांग जिथे असते त्या उंचीवर उजवीकडे सुमारे २०० पिक्सेल सोडले तर अक्षरे बटणांना भिडत नाहीत. रांग वरच्या अर्ध्या भागात नसते, तिथे रुंद ओळही चालते. म्हणजे खरे सुरक्षित क्षेत्र सरळ आयत नसून खाली उजव्या कोपऱ्यात कातरलेला आयत आहे.

डावीकडेही एक अडचण आहे, आणि तिचा बटणांशी संबंध नाही. आजचे बहुतेक फोन ९:१६ या प्रमाणापेक्षा लांबुडके असतात. २०:९ प्रमाणाच्या फोनवर पूर्ण पडदा भरायचा तर चित्र मोठे करावे लागते आणि त्याच्या बाजू कापल्या जातात. गणित केले तर मूळ चित्राच्या प्रत्येक बाजूचे १०८ पिक्सेल, म्हणजे दहावा हिस्सा, पडद्याबाहेर जातो. सगळी ॲप असे करत नाहीत. काही चित्र आहे तसे दाखवून खाली काळी पट्टी सोडतात आणि काही बटणे त्या पट्टीत नेतात. पाहणाऱ्याकडे यातले काय असेल हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून डावीकडेही शंभरेक पिक्सेल सोडलेले बरे.

१९३० चा क्रमांक नेमका कुठे ठेवायचा?

सुरुवातीच्या चित्रफितीकडे परत येऊ. क्रमांकाची पट्टी तळापासून जेमतेम दीडशे पिक्सेलवर होती. खालची हद्द वरून मोजली तर १९२० वजा ६७२, म्हणजे १२४८ वर येते. थोडी मोकळी जागा ठेवून पट्टीचा तळ १२३० वर आणायचा. इतके वर उचललेले पाहून कोणालाही खटकते, पट्टी चित्राच्या मधोमध आल्यासारखी दिसते. पण फोनवर तिच्याखाली वर्णन, नाव आणि बटणे येऊन बसली की तीच पट्टी ‘खालची’ वाटू लागते.

आता रुंदी. ही उंची बटणांच्या रांगेच्या शेजारची असल्याने उजवी हद्द ८८० वर येते. ओळ चित्राच्या मध्यावर, म्हणजे ५४० वर, जुळवायची असेल तर डावीकडेही तितकेच अंतर घेऊन ती २०० पासून सुरू होते. ओळीला ६८० पिक्सेल मिळतात. दुसरा पर्याय असा, की मध्याचा आग्रह सोडून ओळ ११० पासून ८८० पर्यंत डावीकडे सरकवायची, मग ७७० मिळतात. पण मधली ६८० ची ओळ डाव्या आणि उजव्या दोन्ही संकटांतून एकाच वेळी सुटते, म्हणून सबटायटलसाठी तीच सोयीची.

६८० पिक्सेलमध्ये देवनागरी किती मावते? अक्षरांचा आकार ५६ ते ६० पिक्सेल धरला तर मोकळ्या जागांसह साधारण १८ ते २० अक्षरे. ‘फसवणूक झाल्याचे कळताच १९३० वर फोन करा’ हे वाक्य एका ओळीत बसत नाही. ते ‘कळताच’नंतर तोडले की वरच्या ओळीत कारण येते आणि खालची ओळ क्रमांकाने सुरू होते. ॲपवर सोडले तर ते शब्द मावेपर्यंत ओळ भरते आणि ‘१९३०’ पहिल्या ओळीच्या टोकाला, नेमक्या बटणांच्या बाजूला जाऊन पडतो. त्यामुळे ओळ हाताने तोडावी.

मराठीसाठी उंचीचाही हिशेब वेगळा करावा लागतो. सबटायटलचे अनेक तयार साचे रोमन अक्षरांच्या मापाने बनलेले असतात. त्यांत शिरोरेषेच्या वर जाणारी वेलांटी, रफार आणि अनुस्वार किंवा खाली उतरणारे उकार आणि ‘ट्ट’, ‘द्व’ यांसारखी जोडाक्षरे यांना पुरेशी जागा नसते. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, किंवा पार्श्वभूमीच्या पट्टीबाहेर मात्रा डोकावते. ६० पिक्सेलच्या अक्षराला ९० पिक्सेलची ओळ द्यावी. दोन ओळींचे १८० आणि वर-खाली २०-२० पिक्सेलची मोकळीक मिळून पट्टी २२० पिक्सेल उंच होते, म्हणजे १०१० पासून १२३० पर्यंत. तपासण्यासाठी ‘कर्तृत्व’, ‘गुंतवणूक’, ‘पासबुकातील’ असे शब्द मुद्दाम टाकून पाहावेत. ते नीट दिसले तर बाकीचेही दिसतात.

बोधचिन्हाचे काम सोपे आहे. उजव्या कोपऱ्यातून ते डावीकडे आणायचे आणि माथ्यापासून २९० पिक्सेल खाली, डाव्या कडेपासून ११० वर ठेवायचे. ते सतत दिसलेच पाहिजे असा अट्टहास मात्र नको. खात्याचे नाव आणि चित्र ॲप तसेही दाखवतच असते. बोधचिन्हाची खरी गरज चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरू लागते तेव्हा पडते, कारण तिथे मूळ खात्याचे नाव उरत नाही. स्टेटस म्हणून ठेवली तर माथ्यावर ठेवणाऱ्याचे नाव आणि तळाशी त्याने लिहिलेली ओळ येते, पण वरच्या मापाने ठेवलेला मजकूर त्यातूनही वाचतो.

चित्रीकरणातच कसा फरक पडतो?

पट्टी १०१० ते १२३० मध्ये आणली की पुढचा प्रश्न उभा राहतो : तिथे बोलणाऱ्याची हनुवटी तर येत नाही ना? फोन जवळ धरून घेतलेल्या चित्रात चेहरा नेमका मध्यभागी असतो आणि सबटायटल ओठांवर बसतात. संकलनाच्या वेळी यावर फारसा इलाज नसतो, कारण खाली सरकवले तर बटणे आणि वर सरकवले तर डोळे. त्यामुळे सुरक्षित क्षेत्राचा विचार कॅमेरा सुरू करण्याआधी करावा लागतो. फोन हातभर मागे घ्यावा आणि चेहरा माथ्यापासून साधारण ३५० ते ९०० पिक्सेलच्या पट्ट्यात, म्हणजे चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात यावा. कंबरेपर्यंतचे चित्र यासाठी बरे पडते. डोळे वर, सबटायटल छातीवर, आणि खालचा तिसरा हिस्सा टेबल, हात किंवा नुसती जमीन यांना दिलेला.

तो खालचा हिस्सा रिकामा ठेवायचा म्हणजे काळा ठेवायचा नाही. तिथे चित्र असावे, फक्त वाचावे लागेल असे काही नसावे. फिकट भिंत, पांढरा कागद किंवा खूप चकचकीत वस्तूही तिथे टाळावी, कारण ॲपची पांढरी अक्षरे तिच्यावर दिसत नाहीत आणि वर्णन वाचणे अवघड होते.

आडव्या चित्रफितीचे उभे रूप करताना सर्वाधिक मार बसतो. आडव्या चित्रात खालच्या पट्टीत नाव आणि हुद्दा आधीच उमटलेला असेल तर कापून काही साधत नाही. मजकूर नसलेली मूळ प्रत जपून ठेवणे आणि उभ्या चित्रासाठी अक्षरे नव्याने घालणे, हाच मार्ग.

संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील चौकटी पुरेशा नाहीत का?

नाहीत. प्रीमियर प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेफ मार्जिन’ सुरू केले की एकात एक अशा दोन चौकटी दिसतात. त्या टीव्हीच्या मापाच्या आहेत. आतली चौकट प्रत्येक कडेला दहा टक्के सोडते, म्हणजे तळाशी फक्त १९२ पिक्सेल. रील्ससाठी लागतात ६७२. चौकटीच्या आत मजकूर ठेवूनही तो झाकला गेला, ही तक्रार बहुधा येथून येते. मेटाच्या जाहिरात व्यवस्थापकात मात्र जाहिरात रील, स्टोरी आणि फीडमध्ये कशी दिसेल हे आधीच पाहता येते.

फोनवर काम करणाऱ्यांत दुसऱ्याच्या रीलचा स्क्रीनशॉट घेऊन तो अर्धपारदर्शक करून आपल्या चित्रावर ठेवण्याची युक्ती लोकप्रिय आहे. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक खाच आहे. स्क्रीनशॉट फोनच्या पडद्याएवढा, म्हणजे बहुतेक वेळा २०:९ प्रमाणाचा असतो. तो ९:१६ च्या चौकटीत दाबून बसवला तर बटणे खऱ्या जागेवरून सरकतात. आधी त्यातला चित्राचा भाग तेवढा कापून घ्यावा लागतो.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मोजपट्टीची चित्रफीत. १०८० बाय १९२० चे एक साधे चित्र घ्यायचे. त्यावर दर शंभर पिक्सेलला आडवी आणि उभी रेघ मारून आकडे लिहायचे आणि त्याची दहा सेकंदांची चित्रफीत करायची. यूट्यूबवर ती ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवता येते. इन्स्टाग्रामसाठी फॉलोअर नसलेले खासगी खाते पुरते. चढवताना वर्णन एका शब्दाचे न लिहिता नेहमीच्या लांबीचे लिहावे. मग फोनवर उघडायचे आणि कोणते आकडे झाकले गेले ते पाहायचे. एक लांबुडका नवा फोन आणि एक जुना आखूड फोन घेतला तर दोन्ही टोके कळतात. जुन्या फोनवर चित्राबाहेर पट्टी उरत नाही, त्यामुळे सगळी बटणे चित्रावरच येतात. तिसरी चाचणी सहसा कोणी करत नाही : फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करून पाहण्याची. घरातल्या ज्येष्ठांचे फोन बऱ्याचदा असेच असतात आणि त्यांच्याकडे वर्णनाची ओळ अधिक उंच होऊ शकते. सायबर फसवणुकीविषयीची चित्रफीत तर प्रामुख्याने त्यांच्यासाठीच.

मुखपृष्ठाचे चित्र वेगळे का बिघडते?

रील सुरू होण्याआधी ती खात्याच्या पानावर छोट्या चौकोनात दिसते. इन्स्टाग्रामने जानेवारी २०२५ मध्ये हे चौकोन चौरसाऐवजी उभे, ३:४ प्रमाणाचे केले. १०८० रुंदीला हे १४४० उंची देते, म्हणजे वरचे २४० आणि खालचे २४० पिक्सेल दिसत नाहीत. ज्यांनी चौरसाचा हिशेब धरून जुनी मुखपृष्ठे बनवली होती त्यांची मांडणी त्या वेळी रातोरात विस्कटली. शीर्षक सुरक्षित क्षेत्राच्या मधल्या भागात असेल तर ते चौरसातही टिकले असते आणि नव्या चौकटीतही टिकते.

ही मापे कायम राहतील का?

नाही. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. त्यानंतर जुलैत रील्स आणि सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स येथे सुरू झाले. तेव्हापासून दोन्हींची मांडणी अनेकदा बदलली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये रील्सच्या उजव्या रांगेत रीपोस्टच्या बटणाची भर पडली आणि रांग लांबली. असे बदल काही जणांच्या फोनवर आधी आणि काहींच्या नंतर येतात. म्हणून अगदी कडेला चिकटवलेला मजकूर आज वाचला तरी उद्या वाचेलच असे नाही. मोजपट्टीची चित्रफीत जपून ठेवावी आणि दर काही महिन्यांनी नव्याने उघडून पाहावी.

शिवाय काही गोष्टींवर बनवणाऱ्याचा ताबाच नसतो. पाहणाऱ्याने वर्णनातील ‘अधिक’वर बोट ठेवले की ते उलगडून सबटायटलवर चढते. त्याने यूट्यूबची स्वतःची सबटायटल चालू ठेवली असतील तर ती चित्रातील अक्षरांवर येऊ शकतात. प्रतिक्रियांचे दालन उघडले की चित्र आक्रसून वर जाते. त्यामुळे १९३० हा क्रमांक एकाच क्षणी दाखवून भागत नाही. तो बोलून सांगावा, मध्ये एकदा आणि शेवटी चार-पाच सेकंद पडद्यावर स्थिर ठेवावा, आणि वर्णनाच्या पहिल्या तीन-चार शब्दांतच लिहावा, कारण ‘अधिक’च्या मागे दडलेले शब्द फार थोडे जण उघडतात. तक्रारीच्या संकेतस्थळाचा पत्ता cybercrime.gov.in हाही चित्रात उमटवण्यापेक्षा वर्णनात लिहिणे बरे, म्हणजे पाहणाऱ्याला तो चित्रातून धावत्या नजरेने टिपून घ्यावा लागत नाही.